फाटा कुठे फुटतो ते आधी विचारा

*वाचकाचं पत्र :* पाथर्डी फाट्याजवळ आमची सात मजली, अठ्ठावीस फ्लॅटची सोसायटी आहे. चार-पाच जणांच्या वायरी गच्चीवरून खाली सोडलेल्या आहेत, गॅलरीच्या ग्रिलला बांधलेल्या आहेत. मी घरून काम करतो. गेल्या पावसाळ्यात तीन वेळा नेट गेलं, एकदा तर गच्चीवर वॉटरप्रूफिंग करणाऱ्यांनीच वायर तोडली. एक केबलवाला म्हणतो, डक्टमधून सगळ्यांसाठी सामायिक फायबर फुकट टाकून देतो. मी समितीला तसं पत्र दिलं. सेक्रेटरी तोंडी म्हणाले, "आग लागली तर कोण जबाबदार? डक्टला हात लावू देणार नाही." लेखी उत्तर नाही. सरळ उपनिबंधकांकडे तक्रार करू का?
— एक सभासद, नाशिक

सप्रेम नमस्कार,

तक्रारीचं नंतर पाहू. तुमच्या पत्रातल्या दोन शब्दांवर मी अडलो, एक 'फुकट' आणि दुसरा 'सामायिक'. माझी उमेदीची वर्षं फायबरचे सांधे जोडण्यात आणि दुसऱ्यांनी जोडलेले उकलण्यात गेली. त्या अनुभवावरून सांगतो, हे दोन शब्द एका वाक्यात आले की त्यातला एक बहुधा खरा नसतो.

त्या केबलवाल्याला एकच प्रश्न विचारा : "तुमची वायर फाटते कुठे?" घरगुती फायबरमध्ये कंपनीकडून एकच काचेचा धागा येतो आणि स्प्लिटर नावाच्या लहानशा डबीत त्याचे आठ, सोळा किंवा बत्तीस फाटे होतात. डबीला वीज लागत नाही, तिच्यात उजेड फक्त वाटला जातो. आता स्वस्तात काम उरकायचं असेल तर केबलवाला काय करतो? पार्किंगमधून एकच केबल वर नेतो, प्रत्येक मजल्यावर डक्टमध्येच एक डबी ठोकतो आणि तिथून चार फ्लॅटना चार तुकडे देतो. वायर कमी, मजुरी कमी, म्हणून फुकट परवडतं. पण त्या डबीच्या पुढचा प्रत्येक धागा त्या एकाच कंपनीच्या यंत्राला बांधला जातो. उद्या चौथ्या मजल्यावरच्या काकूंना दुसरी कंपनी हवी असेल तर त्या कंपनीला काकूंच्या घरापर्यंतचा मोकळा धागा मिळतच नाही. तिला नवी वायर टाकावी लागते, आणि ती कुठून येणार? परत गच्चीवरून.

म्हणजे वायर मजल्यावर फाटली तर ती सामायिक राहत नाही, ती एकाच्या मालकीची होते. सामायिक व्हायला प्रत्येक फ्लॅटपासून पार्किंगमधल्या एका पेटीपर्यंत त्या फ्लॅटचा स्वतःचा, मध्ये कुठेही न फाटलेला धागा हवा. स्प्लिटर कंपनीचा, पण बसायचा त्या पेटीत. सभासदाने कंपनी बदलली की पेटीतली एक लहान दोरी एका खाचेतून काढून दुसऱ्या खाचेत लावायची, पाच मिनिटांचं काम. डक्टचं दार उघडायचीही गरज नाही. समितीकडे मागायची गोष्ट ही आहे. तुम्ही पत्रात मागितलं होतं ते वेगळं, 'केबलवाल्याला परवानगी द्या' असं.

आता सेक्रेटरींचं बोलणं. ते तुम्हाला आडमुठेपणाचं वाटलं, पण मला त्यात निम्मं तथ्य दिसतं. त्यांच्यापुढे दोन ओळींचा अर्ज आला. त्यात कोणता डक्ट, किती वायरी, कोणत्या आवरणाच्या, भोकं कुठे पाडणार, बुजवणार कोण, यातलं काहीच नव्हतं. अशा कागदावर सही करून उद्या काही झालं तर निस्तरायचं त्यांना. डक्टमध्ये आगीची भीतीही खोटी नाही. उभा डक्ट धुराड्यासारखा काम करतो, खाली पेटलं की धूर काही क्षणांत सातव्या मजल्यावर पोचतो. फायबरच्या काचेत वीज नसते, त्यामुळे शॉर्टसर्किट तिच्यातून होत नाही. पण काचेवरचं आवरण प्लास्टिकचं असतं. साधं पीव्हीसी जळताना दाट काळा धूर सोडतं. म्हणून इमारतीच्या आत कमी धुराचं, हॅलोजन नसलेलं आवरण वापरतात. केबलवाले त्याला 'एलएसझेडएच' म्हणतात आणि वायरीवर ते छापलेलं असतं. रस्त्यावर खांबाला लटकवायची काळी, पोलादी तार असलेली वायर तीच डक्टमध्ये ढकलून देणारे पुष्कळ आहेत. आत हवी ती तारेऐवजी फायबरग्लासच्या काडीची, धातू नसलेली वायर. मग सेक्रेटरींच्या शंकेतला विजेचा भाग संपतो आणि धुराचा भाग बराच कमी होतो.

पण 'डक्ट' म्हणजे नेमका कोणता, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आपल्याकडच्या सात मजली इमारतीत साधारण तीन जागा असतात. जिन्याशेजारी किंवा लिफ्टशेजारी पत्र्याचं दार असलेला विजेचा डक्ट, ज्यातून मीटररूमपासून वर जाणाऱ्या जाड केबली जातात. दुसरा बाथरूमच्या मागचा, वरून उघडा, पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या पाइपांचा. आणि तिसरी जागा बहुतेक जण विसरलेले असतात : जुन्या टेलिफोनची. प्रत्येक मजल्यावर भिंतीत एक चपटी पेटी असते, तिच्यावर रंगाचे तीन हात बसलेले असतात, आत तांब्याच्या बारीक तारांचा गुंता असतो. त्या पेटीपासून प्रत्येक फ्लॅटच्या हॉलपर्यंत भिंतीत गाडलेला पाइप जातो. बिल्डरने तो तेव्हा लँडलाइनसाठी टाकलेला असतो. आज तो बिनवापराचा पडून असतो.

विजेच्या डक्टबद्दल समितीशी वाद घालू नका, तिथे सेक्रेटरी पूर्ण बरोबर आहेत. राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ मधल्या आगीविषयीच्या भागात स्पष्ट म्हटलंय की विजेच्या केबलच्या डक्टमधून टेलिफोन, इंटरकॉम, पाणी, गॅस अशा दुसऱ्या लाइनी नेऊ नयेत, आणि डक्ट प्रत्येक मजल्यावर आगरोधक मालाने बंद केलेला असावा. वायर आत नेणारा पोरगा हात कुठे घालतो हेही पाहा, शेजारी बसबार, म्हणजे विजेची जिवंत पट्टी, असू शकते.

माझी पसंती जुन्या टेलिफोनच्या वाटेला आहे. ती आधीपासून आहे, घरापर्यंत जाते, भोक पाडावं लागत नाही. आत अडकलेली जुनी तांब्याची तारच ओढदोरी म्हणून कामाला येते : तिच्या टोकाला नवी वायर टेपने बांधायची, दुसऱ्या टोकाने हळूच ओढायची. मधेच अडली तर जोर लावायचा नाही. गाडलेल्या पाइपला काटकोनी वळणं असतात आणि जोर लावला तर काच तडकते, ते वरून दिसतही नाही. म्हणून वायर 'जी.६५७.ए२' जातीची मागा. ती साडेसात मिलिमीटर त्रिज्येचं वळण सोसते. जुन्या, साध्या जातीच्या फायबरला तीस मिलिमीटर लागायचे.

टेलिफोनची वाट बुजलेली निघाली, तर पाइपांचा डक्ट चालतो, पण उघडी वायर नको. बाहेरच्या भिंतीला क्लॅम्पने एक ५० मिलिमीटरचा कडक पाइप पार्किंगपासून वरपर्यंत बसवायचा, सांडपाण्याच्या पाइपांपासून जमेल तेवढा दूर, आणि सगळ्या वायरी त्याच्या आत. तिथे उंदीर, कबुतरं आणि प्लंबर असे तिघे शत्रू असतात. तिसरा सगळ्यात महाग पडतो.

याचा एक प्रसंग आमच्याच इमारतीतला. चार वर्षांपूर्वी आम्ही घाईत पाइपांच्या डक्टमधून उघड्या वायरी नेऊ दिल्या. काही महिन्यांनी पाचव्या मजल्यावरच्या एका घरात नेट येतं-जातं सुरू झालं. कंपनीचा माणूस तीनदा आला, तीनदा राउटर बदलून गेला. शेवटी मी माझं जुनं मीटर काढलं. घरातल्या टोकाला उजेड मोजला तर उणे ३१ डीबीएम. फायबरचा उजेड घेऊन राउटरला नेट देणारा जो डबा घरात असतो, त्याला साधारण उणे २७ पर्यंत चालतं, त्याखाली तो आंधळा होतो. त्याच लाइनीवरच्या शेजारच्या घरात उणे २० होता. मग वायरीच्या टोकातून लाल लेझर सोडला, संध्याकाळी डक्टची खिडकी उघडली आणि टॉर्च बंद केला. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये, पाण्याच्या पाइपाला करकचून आवळलेल्या एका नायलॉनच्या टायखाली वायर लाल चमकत होती. प्लंबरने नवा पाइप बसवताना सोबत आमची वायरही आवळून टाकली होती. टाय कापला, आकडा उणे २० वर आला. राउटर तीन बदलले, दोष दोन रुपयांच्या टायमध्ये निघाला.

हा प्रसंग मी लांबण लावून सांगितला, कारण फायबर बिघडते ती अशी. लांबीने फारसं काही होत नाही. रस्त्यावरच्या चार किलोमीटरमध्ये सुद्धा दीड डेसिबलच्या आसपास उजेड जातो, तुमच्या इमारतीतल्या तीस मीटरमध्ये मोजण्यासारखंही काही जात नाही. जातो तो आवळलेल्या जागी, आणि धूळ बसलेल्या जोडावर.

आता तुमच्या इमारतीचा हिशेब मांडू, म्हणजे समितीपुढे ठेवायला कागद होईल. खाली पार्किंग, वर सात मजले, मजल्याला तीन मीटर धरू. पहिल्या मजल्यापर्यंत तीन मीटर, सातव्यापर्यंत एकवीस, सरासरी बारा. मजल्यावर डक्टपासून दारापर्यंत दहा मीटर, घरात पाच, दोन्ही टोकांना गुंडाळून ठेवायला तीन. झाले तीस मीटर. अठ्ठावीस फ्लॅटना मिळून ८४० मीटर. अशी वायर सहसा एक किलोमीटरच्या रोलवर येते, म्हणजे एक रोल पुरतो आणि थोडी उरते. ती उरलेली खजिनदारांच्या कपाटात ठेवा, केबलवाल्याच्या गाडीत नको.

प्रत्येक वायरीत एकाऐवजी दोन धागे मागा. वायरीच्या किमतीत फार फरक पडत नाही आणि फायदा मोठा : एक धागा तुटला तर दुसरा आहे, आणि तुमच्यासारख्या घरून काम करणाऱ्याला दोन कंपन्यांचं नेट एकाच वायरीतून घेता येतं. अठ्ठावीस फ्लॅट, प्रत्येकी दोन धागे, दोन्ही टोकांना एकेक सांधा, म्हणजे ११२ सांधे. खर्च मुख्यतः या सांध्यांचा आणि ओढायच्या मजुरीचा. दरपत्रक मागताना 'एकूण काम इतक्याला' असं घेऊ नका. मीटरचा दर, सांध्याचा दर आणि पेटीची किंमत वेगवेगळी लिहून मागा, तीन जणांकडून. मग कोण कुठे कापतोय ते लगेच कळतं. अठ्ठावीस चपट्या वायरींचा जुडगा मनगटापेक्षा पुष्कळ बारीक होतो, ५० मिलिमीटरच्या पाइपात तो आरामात मावतो आणि पुढेमागे एखादी वायर बदलायलाही जागा राहते.

पेटी पार्किंगमध्ये, पण मीटररूममध्ये नाही. जमिनीपासून छातीच्या उंचीवर, म्हणजे पावसात पार्किंगमध्ये पाणी साचलं तरी ती कोरडी राहील. कुलूप सोसायटीचं, किल्ली वॉचमनकडे, उघडणाऱ्याचं नाव आणि वेळ वहीत. आत प्रत्येक खाचेवर '५०३-अ', '५०३-ब' असं लेबल, दाराच्या आतल्या बाजूला नकाशा चिकटवलेला. आज हे फार बारीक वाटेल, पण तीन वर्षांनी दुसराच माणूस येऊन कोणती वायर कोणाची हे शोधायला एकेक उपटून पाहतो, तेव्हा कळतं. कंपनीला पेटीत फक्त वीज न लागणारा स्प्लिटर ठेवू द्या. कोणी "आमचा स्विच बसवतो, सोसायटीच्या मीटरवरून वीज द्या" म्हणालं तर नको म्हणा. वीज गेली की तो बंद पडतो, आणि डक्टजवळ चोवीस तास गरम राहणारा डबा कोणालाच नको असतो. बिनविजेची व्यवस्था असली की घरातल्या डब्याला आणि राउटरला लहान यूपीएस जोडलं, तरी महावितरणची वीज नसताना तुमची मीटिंग चालू राहते.

पैसे देण्याआधी मोजून घ्या. खाली पेटीत ठराविक उजेड सोडणारं यंत्र लावायचं, वर घरात मीटर, आणि मधे किती गेला ते लिहायचं. प्रत्येक धाग्याला एक डेसिबलच्या आत नुकसान असावं. जास्त असेल तर सांधा किंवा वळण परत करायला लावा. डेसिबलचा अंदाज एवढाच लक्षात ठेवा की तीन गेले म्हणजे उजेड अर्धा झाला. छप्पन्न धाग्यांचा तक्ता तयार झाला की त्याची एक प्रत पेटीच्या दारात, एक सोसायटीच्या फायलीत. आणि हो, कोणीही, विशेषतः मुलांनी, उघड्या धाग्याच्या टोकात डोकावू नये. चालू लाइनीतला उजेड डोळ्याला दिसत नाही, म्हणून तो नाही असं नसतं.

या तक्त्याचा खरा उपयोग पुढे भांडण झालं की कळतो. नेट बंद पडलं की कंपनी म्हणते "तुमच्या बिल्डिंगची वायर खराब", सोसायटी म्हणते "तुमची लाइन खराब". पेटी ही हद्द ठरवा. कंपनीने पेटीत उणे २५ पेक्षा चांगला उजेड द्यायचा, तिथून पुढे एक डेसिबलपेक्षा जास्त जाऊ न देणं सोसायटीकडे. मीटर दोन जागी लावलं की दोन मिनिटांत दोष कोणाचा ते ठरतं.

तुमच्या त्या तीन बंदांबद्दल एक शंका विचारतो, राग मानू नका. तिन्ही वेळा दोष इमारतीत होता हे कशावरून? वॉटरप्रूफिंगचं सोडा, ते उघड आहे. बाकीच्या दोन वेळी डब्यावरचा 'एलओएस'चा, म्हणजे उजेड पोचत नसल्याचा, लाल दिवा लागला होता का, आणि त्याच कंपनीच्या शेजाऱ्याकडेही तेव्हाच लागला होता का? दोघांकडे एकाच वेळी लाल असेल तर वायर बहुधा बाहेर तुटलेली असते. सिंहस्थाच्या कामांनी सध्या रस्ते उकरलेले आहेत, जेसीबीच्या एका दातात आख्खी कॉलनी अंधारात जाते. लाल फक्त तुमच्याकडे असेल तर दोष इमारतीत शोधायचा. आणि लाल दिवाच नसून नेट फक्त मंद असेल, तर बहुधा वायरीचा प्रश्नच नाही, वायफायचा किंवा कंपनीचा आहे. डक्टमधल्या वायरी बाहेरचं तुटणं थांबवणार नाहीत. समितीपुढे तसं वचन देऊ नका, नाहीतर पहिल्याच पावसात तुमचं नाव घेतलं जाईल. दुसरी कंपनी चटकन लावता येईल, एवढंच खरं वचन आहे.

आता कायद्याचं, कारण तुम्ही उपनिबंधकांचं नाव काढलंत. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, २० जानेवारी २०१७ रोजी इमारतींमधल्या दूरसंचार व्यवस्थेबद्दल शिफारशी दिल्या. त्यांचा रोख हाच आहे की इमारतीतली व्यवस्था सगळ्या कंपन्यांना भेदभाव न करता वापरता यावी आणि एकीचीच मक्तेदारी होऊ नये. त्या शिफारशी आहेत, सोसायटीवरचा हुकूम नाही. खाजगी जागेत वायर टाकायची तर मालकाशी करार करावा लागतो, आणि इथे मालक तुमची सोसायटी आहे. म्हणून 'ट्राय'चा दाखला सेक्रेटरींवर उगारण्यापेक्षा त्या केबलवाल्यापुढे ठेवा. त्याच्या करारात 'फक्त आम्हीच' अशी ओळ असेल तर ती तिथेच अडते.

तक्रारीचं उत्तर : आज नको. समितीने अजून काही लेखी नाकारलेलं नाही, तुम्हीही नीट प्रस्ताव दिलेला नाही. तक्रार केलीत तर महिनोन्‌महिने दोन्ही बाजू कागद रंगवत बसतील आणि तोवर सेक्रेटरी तुमच्याशी जिन्यातही बोलणार नाहीत. त्याआधीची पायरी सहकार कायद्यातच आहे. एकपंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर समितीला एका महिन्यात विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. अठ्ठावीस फ्लॅटना एकेक सभासद धरला तर सहा सह्या. पण त्या सह्याही आधी खिशात ठेवा. आधी समितीच्या पुढच्या मासिक बैठकीत पंधरा मिनिटं मागा आणि हा कागद घेऊन जा. पोच मात्र घ्या.

ठरावाचा मसुदा तुम्हीच नेऊन दिलात तर समितीचं निम्मं काम होतं. असा काहीसा लिहा :

"संस्थेच्या इमारतीत पार्किंगमधील पेटीपासून प्रत्येक सदनिकेपर्यंत दोन धाग्यांची, कमी धुराच्या आवरणाची, धातूविरहित फायबर वायर टाकण्यास मान्यता देण्यात येत आहे. वायर व पेटी संस्थेच्या मालकीची राहील. विजेचा डक्ट वापरला जाणार नाही. पाडलेले प्रत्येक भोक आगरोधक मालाने बुजवून त्याचे छायाचित्र दप्तरी ठेवावे. कोणत्याही कंपनीस सारख्याच अटींवर पेटीत जोडणी देण्यात येईल. जोडणी मिळाल्यापासून ३० दिवसांत संबंधित कंपनीने गच्चीवरील व बाहेरील आपल्या वायरी काढाव्यात."

शेवटची अट विसरू नका. जुन्या वायरी काढायला कोणी आपणहून येत नाही. मेलेल्या वायरी वर्षानुवर्षं ग्रिलला लोंबत राहतात, आणि पुढच्या वॉटरप्रूफिंगवाल्याला कोणती जिवंत आणि कोणती मेलेली ते कळत नाही.

भोक बुजवण्याची खात्री सेक्रेटरींना तुमच्या शब्दावर नको, तर अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचा 'ब' नमुन्यातला दाखला देणाऱ्या परवानाधारक एजन्सीकडून द्या. तो दाखला दर वर्षी जानेवारी आणि जुलैत घ्यावाच लागतो. तपासणीला आलेल्या माणसाला ही भोकं दाखवून त्याचा शेरा घ्या. वरून उघड्या पाइपांच्या डक्टला मजल्यागणिक स्लॅब नसतो, तिथे वायर घरात शिरते ते भोक बुजवायचं. बंद डक्टमध्ये मात्र प्रत्येक मजल्यावरची फट. सिमेंट थापून चालत नाही, पुढे वायर बदलायला ते फोडावं लागतं. आगरोधक सीलंट मिळतं, ते वापरा.

राहिला पैशांचा प्रश्न, आणि तिथे तुम्हाला विरोध होईल तो समितीकडून नव्हे. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा विचारतील, "मला नेट नको, मी का भरू?" त्यांचं म्हणणं धुडकावू नका. माझा तोडगा असा : पेटीपासून प्रत्येक फ्लॅटच्या दारापर्यंतचा खर्च संस्थेच्या निधीतून, कारण ती इमारतीची व्यवस्था आहे, फ्लॅट विकताना तिचा फायदा आजोबांनाही आहे, आणि नंतर एकेका घरासाठी डक्ट उघडायचा खर्च जास्त पडतो. दारापासून आतला भाग ज्याला हवा त्याने भरावा. ज्यांना नको त्यांची वायर दाराबाहेरच्या जुन्या टेलिफोनपेटीत गुंडाळून, टोपी लावून ठेवायची. घरातलं टोक तेव्हा जोडलेलं नसेल, म्हणून त्या सांध्यांचे पैसे तेव्हा द्यायचे नाहीत. समितीला स्वतःच्या अधिकारात किती खर्च करता येतो याची मर्यादा तुमच्या उपविधीत लिहिलेली असते. दरपत्रकं त्या मर्यादेच्या वर गेली तर विषय सर्वसाधारण सभेपुढे न्यावाच लागेल.

आणि तो फुकटवाला? त्याला हाकलू नका. या ठरावाची प्रत त्याच्या हातात द्या आणि सांगा, या अटींवर टाकत असाल तर टाका, काम पूर्ण झालं की मालकी संस्थेची असं लिहून द्या. हो म्हणाला तर उत्तमच. बहुधा तो मजल्यावरच्या स्प्लिटरचा आग्रह धरेल, "सगळीकडे असंच करतात" म्हणेल.

या रविवारी सकाळी सेक्रेटरींना सोबत घ्या, स्क्रूड्रायव्हर आणि टॉर्च घ्या, आणि तिसऱ्या मजल्यावरची ती रंग बसलेली टेलिफोनची पेटी उघडा. हॉलमधलं टोक आणि पेटीतलं टोक, दोन्हीकडे एकेक माणूस उभा करून जुनी तार हलवून पाहा. ती सरकली तर डक्टचा वाद उभ्या भागापुरताच उरतो. नाही सरकली तर मला तिन्ही डक्टचे फोटो पाठवा.

कळावे.